यंत्रावरच्या गोधड्या

पिंगळीच्या स्टेशन रोडवर शेतकऱ्यांच्या कंपनीचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. पुढच्या खोलीत बियाणं, औषधं आणि भाड्यानं द्यायचे फवारणीचे पंप. मागच्या खोलीत राजेश्री आणि तिचा कॉम्प्युटर. तिनं हवामानशास्त्रात एम.एस्सी. केलेलं, पण गावात कोणी विचारलं की बाई तू नेमकं काय करतेस, तर ती एवढंच सांगायची, "तीन यंत्रं सांभाळते."

ही तीन यंत्रं म्हणजे शेतात उभी केलेली हवामान केंद्रं. एक पिंगळीजवळ, एक मानवतकडं, एक गंगाखेडच्या अंगाला. एक खांब, त्यावर सोलरची पाटी, पाऊस मोजायचं नरसाळं, वाऱ्यानं फिरणाऱ्या वाट्या, आणि आडव्या दांडीवर बसवलेली तळहाताएवढी एक पट्टी. या पट्टीचं काम झाडाच्या पानाची नक्कल करणं. दव पडलं की पट्टी ओली, ऊन आलं की कोरडी. पान किती तास ओलं राहिलं यावरून बुरशीचा रोग येईल का याचा अंदाज बांधता येतो. तो अंदाज कॉम्प्युटर बांधायचा आणि सभासदांच्या मोबाइलवर मेसेज जायचा.

दोन वर्षांपूर्वी हे मेसेज लोक न वाचताच पुसून टाकत. आता लोक फवारणीला मजूर सांगण्याआधी मोबाइल उघडून बघत. तो विश्वास राजेश्रीनं गावोगावी फिरून, पारावर बसून, चहाचे कितीतरी कप पिऊन कमावला होता. पगारापेक्षा तिला त्याचंच अप्रूप जास्त होतं.

त्या शुक्रवारी दुपारी बाजार पेंगत होता आणि राजेश्री कॉम्प्युटरवरच्या एका रेघेकडे टक लावून बसली होती. पहाटे कॉम्प्युटरनं आपणहून एक मेसेज सोडला होता: "हळदीवर करपा येण्याचा धोका जास्त. दोन दिवसांत बुरशीनाशक फवारा." पिंगळीच्या यंत्राला जोडलेल्या सगळ्या हळदवाल्यांना तो गेला होता. सकाळभर ती दुकानात औषधांचा माल उतरवून घेण्यात अडकली होती. आत्ता कुठं आकड्यांकडे बघायला सवड मिळाली होती, आणि आकडे तिला पटेनात.

पिंगळीची पट्टी मंगळवारपासून ओली होती. सलग. आठवडाभर पावसाचा थेंब नाही, रस्त्यावरून एसटी गेली की समोरचं हॉटेल धुळीत गडप होत होतं, आणि यंत्र म्हणत होतं पानं ओली. मानवत आणि गंगाखेडच्या पट्ट्या शहाण्यासारख्या वागत होत्या. पहाटे दवानं ओल्या, सकाळी उन्हं वर आली की कोरड्या.

पट्टी बिघडली असावी, हा पहिला विचार. पण बिघडलेली पट्टी एकच आकडा धरून बसते. ही तसं करत नव्हती. रोज दुपारच्या सुमारास सगळ्यात जास्त ओली व्हायची, मग हळूहळू थोडी वाळायची, रात्री पूर्ण वाळायचीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा चिंब. भर दुपारी पडणारं दव राजेश्रीनं कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. तिला गंमत वाटायला लागली होती, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, वाल्मीक बोलायलोय. मेसेज बघितला. उद्या पहाटं फवारणीला माणसं सांगितलीत. संध्याकाळी औषध न्यायला येतो, माझ्या वाटणीचं बाजूला ठेवा बरं."

गंमत तिथंच संपली. वाल्मीकनं माणसं सांगितली म्हणजे आणखी बऱ्याच जणांनी सांगितली असणार. ती दुकानातल्या पोराला "ओमप्रकाशकाका आले की बसवून ठेव" असं सांगून स्कूटीवर बसली.

यंत्र कस्तुराबाईंच्या शेतात होतं. बांधावरून वळण घेतलं की एरवी लांबूनच खांब आणि भोवतीची जाळी दिसायची. आज राजेश्रीला तिथं लाल, निळी, हिरवी, पट्ट्यापट्ट्यांची एक झोपडी दिसली. जवळ गेल्यावर कळलं की त्या गोधड्या आहेत. जाळीच्या चारी बाजूंना गोधड्या. आणि आतल्या आडव्या दांडीवर, नेमकी पट्टीवरच, एक बारकी पिवळी गोधडी घडी घालून टाकलेली. तिच्या टोकातून पाणी ठिबकत होतं.

मोटारीच्या पाण्याजवळ कस्तुराबाई पदर खोचून आणखी एक गोधडी पायानं तुडवत होत्या.

"काकू, हे काय?"

"काय म्हंजी? दसरा काढायलेय!" कस्तुराबाई तुडवता तुडवताच म्हणाल्या. "सोमवारी घट बसायलेत. त्याच्या आत घरातली चिंधी न् चिंधी धुऊन झाली पायजे. तुझ्या आईनं न्हाई काढला का दसरा?"

"काढला असेल. पण यंत्रावर?"

"मग कुठं टाकू सांग. बाभळीवर टाकलं की काटं शिरत्यात, बांधावर टाकलं की माती. तुमची जाळी कशी, सवच्छ, चारी अंगानं वारं. आन ती दांडी तर बारक्या गोधडीला लय बेस. नातवाची हाय ती. रोज भिजवतंय कार्टं, मी रोज धुऊन टाकायलेय."

"रोज? साधारण दुपारी?"

"सैपाक, धुणं उरकल्यावर. का गं?"

राजेश्रीला हसू फुटलं. कोडं सुटल्याचं हसू. दुपारी पडणारं दव अखेर सापडलं होतं, आणि ते रांगायला लागून महिनाही न झालेल्या एका नातवाचं होतं. कस्तुराबाईंना काही कळलं नाही, पण पोरगी हसतेय म्हणून त्याही हसल्या.

मग राजेश्रीनं सांगितलं, "काकू, या गोधडीमुळं आज पहाटे लोकांना मेसेज गेला की हळदीवर करपा येतोय."

"काय बया! गोधडीनं करपा? धुतलेल्या?"

"करपा आला नाही. यंत्राला वाटलं पानं ओली आहेत. ओली होती ती गोधडी."

तिनं गोधड्यांचा आणि पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून घेतला, मग दोघींनी मिळून गोधड्या उतरवल्या. राजेश्रीनं पट्टी कोरड्या फडक्यानं पुसली आणि यंत्राचा पुढचा आकडा येईपर्यंत तिथंच थांबली. आकडा आला: कोरडी. दमटपणाही झटक्यात खाली आला. तापमानाचा आकडाही गेले तीन दिवस गोधड्यांच्या गारव्यात थोडा कमीच लागला असणार. पावसाचं नरसाळं मात्र वर, उघडं होतं; त्याचे आकडे बरोबर होते. एवढं तिनं मनाशी पक्कं केलं. मग ती कस्तुराबाईंच्या आणि शेजारच्या दोघांच्या हळदीत शिरली, पानं उलटसुलट करून बघितली. डाग दिसले नाहीत. पण तीन शेतं म्हणजे सगळी शेतं नव्हेत, हेही तिला ठाऊक होतं.

परत स्कूटीजवळ आली तर कस्तुराबाई तोंड एवढंसं करून उभ्या.

"आता तुमी माझं नाव टाकणार का मोबाइलात? सगळ्या गावाला म्हाईत हाय यंत्र कुणाच्या रानात हाय. घट बसायच्या आधी माझंच हसं."

"नाव कशाला टाकू काकू?"

"तू न्हाई टाकणार. ओमप्रकाश टाकील. त्यो लय कागदी माणूस हाय." त्यांनी पदर झटकला. "मी येते संगं. माझ्या माघारी काय बी लिवू नका."

आणि त्या स्कूटीवर मागं बसल्यासुद्धा.

ओमप्रकाशकाका कंपनीचे अध्यक्ष. उभी हयात जिल्हा परिषदेच्या कचेरीत गेलेली. नोटीस लिहावी तर त्यांनीच, असा त्यांचा लौकिक होता. राजेश्रीनं सगळं सांगितलं, फोटो दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले, पुन्हा लावला आणि फोटो पुन्हा बघितला.

"हे गोधड्यांचं कुठं बोलायचं न्हाई," ते म्हणाले. "सोमवारच्या मीटिंगमध्ये ठेवू. तोवर एक सूचना काढून देतो. लिव."

त्यांनी डोळे मिटून सांगायला सुरुवात केली आणि राजेश्रीनं टाइप केलं: "सर्व संबंधित सभासदांस कळविण्यात येते की, काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव आज रोजीच्या सूचनेमध्ये तफावत आढळून आली असून, सभासदांनी योग्य ती दक्षता घ्यावी. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

"एक शब्द हलवायला जागा न्हाई," काका स्वतःवरच खूश झाले.

त्याच वेळी औषध न्यायला वाल्मीक आला. पिशवी हातात, कानावर बिडी. राजेश्रीनं विचारलं, "वाल्मीकभाऊ, एक मेसेज वाचते. नीट ऐका."

तिनं वाचला.

"झालं?" वाल्मीकनं विचारलं.

"झालं."

"मंजी फवारू का नगं?"

"दक्षता घ्या म्हणलंय की त्याच्यात," काका म्हणाले.

"दक्षता तर मी रोजच घ्यायलोय अध्यक्ष. बायकोला इचारल्याबिगर भाईर पडत न्हाई."

कोपऱ्यात खताच्या पोत्यावर बसलेल्या कस्तुराबाईंनी पदराआड हसून घेतलं. राजेश्रीही हसली आणि म्हणाली, "थांबा, मी लिहिते." तिनं भराभर लिहून वाचून दाखवलं. त्यात पर्णार्द्रता संवेदक होता, सापेक्ष आर्द्रता होती, आणि प्रारूपाच्या मर्यादा होत्या. वाल्मीकनं आधीच्यापेक्षा जास्त आदरानं ऐकलं आणि शेवटी कानावरची बिडी काढून पुन्हा कानावर ठेवली.

"अध्यक्षांचं मला निम्मं तरी कळलं व्हतं," तो म्हणाला.

काकांना बरं वाटलं. "बघ. माझ्या नोटिसीला नावं ठेवू नका."

राजेश्रीनं तो मजकूर पुसून टाकला. खुर्ची वळवून तिनं वाल्मीककडं बघितलं. "मेसेज चुकला होता. यंत्रावर ओल्या गोधड्या वाळत होत्या, म्हणून यंत्राला पानं ओली वाटली. त्या मेसेजवरून फवारू नका."

 वाल्मीक जो हसत सुटला तो भिंतीला टेकला. "गोधड्या! माझ्या बापाच्या! कुणाच्या?"

कस्तुराबाई पोत्यावर जरा सरळ झाल्या.

"हेच!" ओमप्रकाशकाकांनी टेबलावर हात आपटला. "हेच मी म्हणायलोय. उद्या परभणीपस्तोर हसतील. गोधडीवाली कंपनी म्हणतील. दसरा झाला की वर्षाची नवी नोंदणी सुरू करायचीय आपल्याला, हाय का याद? कोण येईल?"

 राजेश्रीलाही तीच भीती होती. तिनं पारावर बसून ज्यांना समजावलं होतं, तेच आता हसणार होते. पण तिच्या डोळ्यांपुढं उद्याची पहाट होती. पाठीवर पंप अडकवून हळदीत शिरलेली माणसं.

"काका, हसू दे त्यांना," ती म्हणाली. "हसलेला माणूस परत येतो. पण उद्या पहाटे त्यांनी उगाच फवारलं, आणि सोमवारी त्यांना कळलं की आपल्याला शुक्रवारी संध्याकाळीच माहीत होतं, तर ते हसणार नाहीत. मग आपला खरा मेसेजसुद्धा कोणी उघडणार नाही."

काकांनी वाल्मीककडं बघितलं. वाल्मीकचं हसू तोवर ओसरलं होतं. "त्ये मातर खरं," तो म्हणाला. "मी तर डोकंच फोडलं असतं."

"ठीक," काका म्हणाले. "गोधडी टाक. पण मग पुढं लिव की, एका महिलेच्या निष्काळजीपणामुळं—"

"कोण महिला?" पोत्यावरून आवाज आला. "नाव घेऊन बोला की अध्यक्ष. मी हितंच हाय."

"वहिनी, तसं न्हाई—"

"निष्काळजी? घरातल्या समद्या गोधड्या मी एकटीनं धुतल्यात! तुमच्या यंत्राला धक्का लागू दिला न्हाई. मला कुणी सांगितलं व्हतं का, हितं वाळत टाकू नगं म्हणून? पाटी हाय तिथं. काय लिवलंय? यंत्रास हात लावू नये. मी कुठं हात लावला?"

वाल्मीकला पुन्हा हसू यायला लागलं म्हणून तो पिशवीत काहीतरी शोधू लागला. राजेश्री मात्र हसली नाही. तिला एकदम स्पष्ट दिसलं की आतापर्यंत ती स्वतःसुद्धा अर्धंच सांगत होती. गोधडी हे कारण होतं, पण पूर्ण कारण नव्हतं.

"काका, काकूंचं खरं आहे," ती सावकाश म्हणाली. "यंत्र बसवलं तेव्हा आपण त्यांना जागेचा करार वाचून दाखवला. पट्टी कशासाठी आहे, तिच्यावर सावलीसुद्धा का पडू नये, हे कोणीच सांगितलं नाही. मीही नाही. आणि दुसरं, पट्टी तीन दिवस ओली होती. मी एकदा जरी तिन्ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवून बघितली असती तर पहाटेचा मेसेज गेलाच नसता. कॉम्प्युटर आपणहून पाठवतो म्हणून मी निवांत राहिले. या दोन चुका आपल्या आहेत. त्या लिहिल्या की महिला कोण हे कोणाला विचारावंसंसुद्धा वाटणार नाही."

"आपणच आपल्यावर घ्यायचं?" काका कुरकुरले.

"जे आपलं आहे तेवढंच."

 काका खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. "लिव. वाल्मीक, तू हितं उभा ऱ्हा. कळलं न्हाई की बोल."

वाल्मीकनं दोन ठिकाणी अडवलं. पहिल्यांदा, "पानं ओली न्हाईत म्हंजी करपा न्हाई का?" त्यावर राजेश्रीनं कान पकडले, ते लिहायचं राहूनच गेलं होतं. यंत्र चुकलं म्हणजे रोग नाही असं सिद्ध होत नव्हतं. दुसऱ्यांदा, "पुढं कवा सांगणार ते लिवा. न्हाईतर रोज फोन करीत बसू." अखेर जो मेसेज झाला तो असा:

"नमस्कार. आज पहाटे हळदीवरच्या करप्याबद्दल आम्ही पाठवलेला मेसेज चुकीचा होता. त्यावरून फवारणी करू नका.

झालं असं की, पिंगळीच्या आमच्या यंत्रावर मंगळवारपासून ओल्या गोधड्या वाळत होत्या. त्यामुळे यंत्राला पानं ओली वाटली. यंत्रावर काही टाकू नये हे आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं, आणि मेसेज जाण्याआधी आकडे तपासले नव्हते. चूक कंपनीची आहे.

हा मेसेज फक्त पिंगळीच्या यंत्राला जोडलेल्या हळदवाल्यांना गेला. मानवत आणि गंगाखेडच्या यंत्रांचे आकडे बरोबर आहेत. पिंगळीचे पावसाचे आकडेही बरोबर आहेत.

आमच्या दुकानातून औषध नेलं असेल आणि बाटली फोडली नसेल तर परत आणा, घेऊ. कोणी फवारलं असेल तर लगेच पुन्हा फवारू नका. ठरलेल्या मात्रेत फवारलं असेल तर पिकाला अपाय होण्याची भीती नाही. त्या बांधावरचं गवत सध्या जनावरांना घालू नका. तुमच्या हळदीत रोग नाहीच, असं मात्र आम्ही म्हणत नाही. पानं बघा. तपकिरी डाग दिसले तर फोटो पाठवा किंवा फोन करा.

यंत्र आता मोकळं आहे. तरी सोमवारी सकाळपर्यंत त्यावरून रोगाचा सल्ला देणार नाही. तोवर तपासून, सोमवारी सकाळी काय आढळलं ते कळवू. यापुढे माणसानं तपासल्याशिवाय रोगाचा मेसेज जाणार नाही. राजेश्री, कंपनी ऑफिस, पिंगळी."

"आता फवारू का नगं?" काकांनीच वाल्मीकला विचारलं.

"नगं. पानं बघायची. सोमवारी मेसेज." वाल्मीकनं रिकामी पिशवी झटकली. "आन बाटली नेलीच न्हाई, त्यामुळं परत आणायचं कामच न्हाई."

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी राजेश्रीनं तेच आवाजात रेकॉर्ड केलं. पहिल्यांदा ती इतकी भराभर बोलली की कस्तुराबाई म्हणाल्या, "कुणी पाठीमागं लागलंय का गं तुझ्या?" दुसऱ्यांदा नीट झालं. अंधार पडायच्या आत मेसेज सगळ्यांकडे गेला होता.

मग फोन सुरू झाले. पहिले काही नुसतेच हसण्याचे. एकानं विचारलं, गोधडी कापसाची होती का लुगड्याची. एकीनं विचारलं, आमच्या बी वाळत टाकायच्यात, जागा हाय का. राजेश्री सगळ्यांशी हसून बोलली आणि शेवटी तिनं प्रत्येकाला विचारलं, "पण कळलं ना, फवारायचं नाही ते?" कळलं होतं.

नागनाथचा फोन मात्र वेगळा होता. त्यानं सकाळीच फवारून टाकलं होतं.

"माझा दिवस गेला त्याचं काय?"

"गेला," राजेश्री म्हणाली. "आमच्यामुळंच गेला."

तिकडून नागनाथ नुसताच "आं?" म्हणाला. भांडायच्या तयारीनं आलेल्या माणसाला समोरून एकदम वाट मोकळी मिळाली की तो जरा गडबडतो, तसं झालं असावं. तेवढ्यात ओमप्रकाशकाकांनी तिच्या हातातून फोन घेतला. "नागनाथ, ओमप्रकाश बोलायलोय. पुढच्या वेळी फवारणी लागली की पंप आन माणूस कंपनीचा. ही जिम्मेदारी माझी. आज ज्यांनी ज्यांनी फवारलं त्या समद्यांसाठी. हां. हां, गोधडीच. हस बाबा, हस."

फोन ठेवून ते राजेश्रीला म्हणाले, "ते सोमवारच्या मेसेजमध्ये घाल. म्हंजी बाकीच्यांना इचारावं लागायचं न्हाई."

सोमवारी, घट बसायच्या आधीच, मेसेज गेला. तीन दिवस पिंगळीची पट्टी सकाळी वेळेवर वाळत होती. फोटो पाठवलेल्या शेतांपैकी एकातच करप्याचे डाग होते आणि त्या शेतकऱ्याला वेगळा सल्ला दिला होता. ज्यांनी फवारलं होतं त्यांना पुढची फवारणी कंपनी करून देणार होती. त्याच आठवड्यात कंपनीनं कस्तुराबाईंच्या बांधाला, यंत्रापासून चांगली लांब, दोन खांब रोवून एक जाड दोरी बांधून दिली. जाळीवरच्या पाटीसाठी ओमप्रकाशकाकांनी नवा मजकूर आणला. "सदर परिसरात" एवढं वाचताच कस्तुराबाईंनी हात वर केला. शेवटी पाटी रंगली ती अशी: "हे यंत्र पानाचं काम करतं. यावर काही टाकू नका. दोरी पलीकडं हाय."

दसरा झाला आणि परतीच्या पावसानं गाठलं. दोन दिवस आभाळ फाटल्यासारखं कोसळलं, मग उघडीप नाही की जोर नाही, नुसती भुरभुर. तिन्ही पट्ट्या रात्रंदिवस ओल्या. कॉम्प्युटरनं पडद्यावर लाल अक्षरांत विचारलं: हळद, करपा, धोका जास्त, मेसेज पाठवायचा का?

आता तो विचारून थांबत होता. राजेश्रीनं तिन्ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवून बघितली. मग कस्तुराबाईंना फोन केला. थोड्या वेळानं त्यांच्या मोबाइलवरून फोटो आला: भिजलेली मोकळी जाळी, थेंबांनी भरलेली पट्टी, आणि फोटोच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा. राजेश्रीनं चार शेतकऱ्यांना पानांवरचे डाग विचारले. दोघांकडं दिसायला लागले होते. यावेळी धोका खरा होता आणि उघडीप मिळताच फवारायला हवं होतं.

तिनं मेसेज पाठवला आणि मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. उलटा ठेवून दोन घोट चहा प्यायली. मग सुलटा केला.

वाल्मीकचं उत्तर आलं होतं. एकच शब्द: "गोधडी?"

ओमप्रकाशकाकांनी खांद्यावरून वाकून वाचलं आणि कपाळाला हात लावला. "बघ. म्हणलं व्हतं मी."

राजेश्रीनं कस्तुराबाईंनी पाठवलेला फोटो वाल्मीकला पाठवला, अंगठ्यासकट.

 बाहेर भुरभुर थांबत आली होती. मग मोबाइल वाजला.

"अंगठा वहिनीचा हाय, मंग खरंच हाय. माणसं सांगतो. माझ्या वाटणीचा पंप बाजूला ठेवा."

त्याच्या पाठोपाठ दुसऱ्याचा मेसेज, फोटो पाठवा. मग तिसऱ्याचा. चौथ्याला पाठवताना राजेश्रीला वाटलं, एकेकाला पाठवण्यापेक्षा सगळ्यांनाच एकदम पाठवावा. आणि त्या दिवसापासून कंपनीच्या रोगाच्या प्रत्येक मेसेजखाली यंत्राचा त्याच दिवशीचा फोटो जायला लागला. संध्याकाळपर्यंत पुढच्या खोलीतले सगळे पंप भाड्यानं गेले होते. नागनाथकडं पंप घेऊन जाणाऱ्या माणसाच्या मागं ओमप्रकाशकाका स्वतः छत्री घेऊन निघाले.

उंबऱ्यात थांबून ते म्हणाले, "नोंदणीची पावती-पुस्तकं काढून ठेव गं. अन् त्या वहिनीला सांग, फोटो काढताना अंगठा जरा बाजूला घेत जा."

"नको काका," राजेश्री म्हणाली. "त्याशिवाय वाल्मीकभाऊंना खरं वाटणार नाही."